कलमाचा रकाना आणि खालची हकीकत

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझे मामा नागावातच असतात. गावात कुणाच्या घरी पोलीस ठाण्याचा कागद आला की तो आधी त्यांच्याकडे वाचायला येतो. हल्ली लोक मोबाइलवर एफआयआरची प्रत उतरवून घेतात आणि ओटीवर येऊन विचारतात, "मास्तर, यातून आमच्या माणसाचं काय होईल?" मामांना याचं उत्तर नीट हवं होतं. मी फौजदारी वकिली करते, म्हणून त्यांनी मला बसवून घेतलं. समजवायला मी मुद्दाम आमच्याच तालुक्यातला गुन्हा निवडला, कारण त्याची फिर्याद आणि तिचा पुढचा प्रवास सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आलेला आहे : अलिबाग पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर ५९, सन २०१८. आमचं सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं नाही. मामांचं जे म्हणणं मला खोडता आलं नाही, तेही इथे ठेवलं आहे.

मामा : हे प्रकरण मला ठाऊक आहे. कावीरचं. मे २०१८. इंटिरियरची कामं करणारा एक माणूस आणि त्याची आई, दोघांचे मृत्यू झाले. चिठ्ठी सापडली, तिच्यात तिघांची नावं होती, त्यातलं एक अर्णब गोस्वामींचं. चिठ्ठीत नाव, फिर्यादीत नाव, आणि वर कलम ३०६. आता यात वाचायचं काय उरलं?

मी : तुम्ही नावापासून सुरुवात केलीत, मामा. सगळे तिथूनच करतात. मग कलमाचा आकडा बघतात, शिक्षा किती ते विचारतात आणि कागद मिटतात. मला आधी वरचे रकाने वाचू द्या. नमुना राज्यभर एकच असतो. पहिल्या रकान्यात जिल्हा, पोलीस ठाणे, वर्ष, नंबर आणि तारीख. ५९/२०१८ म्हणजे त्या ठाण्यात त्या वर्षी नोंदलेला एकोणसाठावा गुन्हा. हा नंबर शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. जामिनाचा अर्ज असो, पंचनामा असो की दोषारोपपत्र, सगळीकडे तोच लिहिला जातो. तारीख आहे ५ मे २०१८, म्हणजे घटना घडली तोच दिवस.

मामा : तारखेला एवढं महत्त्व?

मी : तारखांनाच जास्त. तिसऱ्या रकान्यात वेगवेगळ्या वेळा असतात. घटना कधी घडली, ठाण्यात खबर कधी आली, स्टेशन डायरीला नोंद कितव्या क्रमांकाला आणि किती वाजता झाली. शेवटच्या रकान्यात आणखी एक वेळ असते : प्रत न्यायालयाकडे कधी रवाना झाली. या वेळा एकापुढे एक ठेवून बघायच्या. मारामारी सकाळी झाली आणि खबर तीन दिवसांनी दिली, तर आठव्या रकान्यात उशिराचं कारण हवं. जखमी रुग्णालयात होता, घरातली माणसं अंत्यविधीत होती, अशी कारणं कोर्ट मानतं. पण तो रकाना कोरा असेल तर आरोपीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. आणि फिर्याद सोमवारी नोंदलेली दिसते, पण मॅजिस्ट्रेटकडे प्रत शुक्रवारी पोहोचली, असं असेल तर मधल्या दिवसांत बसून ती रचली का, अशी शंका घेता येते. तेवढ्यावर खटला पडत नाही. पण साक्षीदाराला उलटतपासात तो प्रश्न येणारच.

मामा : इथे तर त्याच दिवशी नोंद झाली. म्हणजे शंकेला जागा नाही.

मी : वेळेबाबत नाही. फिर्याद मृताच्या पत्नीने दिली आणि लगेच दिली. आता दुसरा रकाना : भारतीय दंड संहिता, कलम ३०६ आणि ३४. आणि बाराव्या रकान्यात, किंवा सोबत जोडलेल्या पानांवर, हकीकत असते. मला विचाराल तर एफआयआर वाचणं म्हणजे हे दोन रकाने शेजारी ठेवणं. कलम काय मागतं आणि हकीकत काय देते, एवढंच बघायचं.

मामा : ३०६ म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त करणं. दहा वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र, खटला सेशन्स कोर्टात. एवढं मला येतं. फिर्यादीत काय होतं ते सांग.

मी : निकालपत्रात आलं आहे ते सांगते. पतीची कंपनी होती, वास्तुरचना आणि अंतर्गत सजावटीची कामं घ्यायची. केलेल्या कामाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून ते मानसिक दडपणाखाली होते. एका वृत्तवाहिनीच्या स्टुडिओचं काम त्यांनी केलं होतं, त्याचे ८३ लाख येणं होतं. दुसऱ्या एका कंपनीकडून ४ कोटी, तिसऱ्या कंपनीकडून ५५ लाख. पैशांसाठी ते वाहिनीच्या कार्यालयात गेले होते, हिशेब पाहणाऱ्याशी बोलले होते. आणि चिठ्ठीत लिहिलं होतं की आपले पैसे अडकले आहेत, या कंपन्यांचे मालक आपलं हक्काचं येणं देत नाहीत.

मामा : बघ. पाच कोटींच्या वर रक्कम. छोट्या माणसाची कंपनी तेवढ्याने बुडते. आणि माणूस मरताना खोटं लिहीत नाही.

मी : खोटं लिहिलं असं मी म्हणतच नाही. उलट कायद्याची रीतच अशी आहे की फिर्याद वाचताना पहिल्या खेपेला तिचा शब्दन् शब्द खरा धरायचा. पैसे येणं होते, खरं. दिले नाहीत, खरं. त्या चिंतेने माणूस खचला, खरं. आता प्रश्न : एवढं सगळं खरं धरलं, तर ३०६ होतं का? उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करायचा अर्ज गेला की न्यायाधीश सुरुवातीला हेच बघतात. पुरावा कसा आहे ते नंतर.

मामा : मग होत नाही का?

मी : ३०६ मध्ये 'प्रवृत्त करणं' म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. ते कलम १०७ मध्ये आहे आणि त्याचे तीन मार्ग आहेत. चिथावणी देणं, कट करून त्याप्रमाणे काही घडवणं, किंवा जाणूनबुजून त्या कृत्याला मदत करणं. म्हणजे समोरच्याने मरावं या दिशेने काही करण्याचा हेतू लागतो आणि त्या हेतूने केलेली कृती लागते. रागाच्या भरात कुणी "जा, मर" म्हणाला, तरी तेवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने प्रवृत्त करणं मानलेलं नाही. आता फिर्यादीत शोधा. देणं थकवलं, हे आहे. मरायला भाग पाडायच्या हेतूने काय केलं, याचं वाक्य कुठे आहे?

मामा : पैसे रोखून धरणं हीच कृती. माणसाचा श्वास रोखल्यासारखं आहे ते. त्याला मजुरांचे द्यायचे असतात, माल उधारीवर आणलेला असतो. ज्याच्याकडे येणं आहे त्याला हे सगळं माहीत असतं. तरीही तो देत नाही. याला तू हेतू म्हणत नाहीस?

मी : अन्याय म्हणते, मामा. गुन्हा म्हणायला मात्र कलमाचे शब्द भरावे लागतात. थकलेल्या बिलाला दिवाणी दावा आहे. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, त्यात ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नुसतं देणं थकलं आणि पुढे माणसाने जीव दिला, एवढ्यावर ३०६ लावायचं ठरवलं, तर कर्ज न फेडणारा, पगार थकवणारा, भाडं बुडवणारा प्रत्येक जण त्या कलमात येईल.

मामा : येऊ दे की. निदान धाक बसेल. दिवाणी दावा म्हणतेस, तो किती वर्षं चालतो ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ज्याच्या घरात दोन मृत्यू झाले त्याला व्याजाचा दर सांगून काय उपयोग?

मी : त्या घराला नाही. पण उद्या नागावात कुणी गवंड्याचे पैसे थकवले आणि तुमच्याच घरच्या माणसाचं नाव अशा फिर्यादीत आलं, तर तुम्ही मला हाच प्रश्न विचाराल : आमच्या माणसाने असं केलं तरी काय?

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं.

मामा : आणि हे ३४ कशाला?

मी : अनेकांनी मिळून, एकच इरादा धरून केलेल्या कृत्यासाठी. स्वतंत्र शिक्षा त्यात नाही. मूळ कलमाला ते जोडतात आणि मग एकाने केलेलं सगळ्यांच्या माथी येतं. एकाने धरलं, दुसऱ्याने मारलं, तिथे ते चपखल बसतं. इथे तीन कंपन्या, तीन वेगळी कामं, तीन वेगळी बिलं. तिघांचा मिळून इरादा होता, हे दाखवणारं काही हकीकतीत आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा. एकापेक्षा जास्त नावं दिसली की ३४ टाकायची ठाण्यांत सवय असते. तुमच्याकडे येणाऱ्या प्रतींत ते जवळजवळ प्रत्येक वेळी दिसेल. तेव्हा घाबरायचं नाही, विचारायचं : सगळ्यांनी मिळून काय केलं असं लिहिलंय?

मामा : थांब. आता माझं ऐक. तू हकीकत अशी वाचतेस जणू ती वकिलाने लिहिली आहे. त्या बाईचा नवरा गेला, सासू गेली, त्याच दिवशी ती ठाण्यात बसली होती. समोर ठाणे अंमलदार, तो विचारतो तसं ती सांगते, तो त्याच्या भाषेत उतरवतो. त्या घडीला तिने चिथावणीची वाक्यं आठवून द्यायची? फोनवर काय बोलणं झालं, कुणी काय धमकावलं, हे नंतर कळेल. पहिल्याच कागदात सगळं नाही म्हणून गुन्हा नाही, हे मला मान्य नाही.

मी : हे म्हणणं बरोबर आहे आणि कायदाही तेच मानतो. एफआयआर म्हणजे तपासाला चालना देणारी पहिली खबर. तिच्यात सगळा तपशील असलाच पाहिजे असं नाही. खटल्यात ती स्वतंत्र पुरावाही नसते. फिर्यादीने कोर्टात साक्ष दिली की ती साक्ष या कागदाशी जुळते का, एवढ्यापुरता तिचा उपयोग. राहिलेलं सांगायला पुरवणी जबाब आहे, साक्षीदारांचे जबाब आहेत, मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवायचा जबाब आहे. फोनचे तपशील, बँकेची खाती, चिठ्ठीचं हस्ताक्षर, हे सगळं तपासात येतं. कलमंसुद्धा पक्की नसतात. तपासात ती वाढतात, गळतात. म्हणून फिर्यादीच्या बाजूने वाचताना मी विचारते, यात काय राहिलंय आणि ते कुणाच्या जबाबातून येईल. आरोपीच्या बाजूने विचारते, कलमाचा कोणता शब्द रिकामा आहे. कागद तोच असतो.

मामा : मग या प्रकरणात तपासाने ती रिकामी जागा भरली का? पुढे काय काय झालं ते क्रमाने सांग.

मी : पोलिसांनी तपास केला आणि 'अ' समरीचा अहवाल दिला. १६ एप्रिल २०१९ ला अलिबागच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर केला. आपल्याकडे तपास बंद करायच्या तीन चाली आहेत. गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी सापडत नाही किंवा खटल्यापुरता पुरावा नाही, तर 'अ'. फिर्याद खोटी आणि खोडसाळ, तर 'ब'. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची, तर 'क'. म्हणजे 'अ' समरीत फिर्यादी खोटी ठरत नाही. हे गावात नीट सांगा, कारण समरी झाली की लोक म्हणतात, केस खोटी निघाली.

मामा : आणि त्या घराला हे कळवलं होतं?

मी : आपल्याला कळवलंच नव्हतं, असं कुटुंबाचं म्हणणं होतं.

मामा : हेच मी म्हणतो. फिर्याद देणाऱ्याच्या पाठीमागे कागद मिटवला जातो. तू कलमाचे शब्द मोजत बसलीस, पण तपास झाला की नाही हे विचारायचा हक्कच त्या बाईला मिळाला नाही.

मी : हक्क होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात सांगून ठेवलं आहे की मॅजिस्ट्रेट प्रकरण बंद करणार असेल तर मूळ खबर देणाऱ्याला नोटीस देऊन त्याचं ऐकलं पाहिजे. नोटीस मिळाल्यावर तो हरकतीचा अर्ज देऊ शकतो. मॅजिस्ट्रेट मग समरी नाकारून पुढच्या तपासाचा आदेश देऊ शकतो, थेट दखल घेऊ शकतो, किंवा समरी मंजूर करू शकतो. इथे ती पायरी गाळली गेली असेल तर ती गंभीर चूक आहे, याबद्दल आपलं दुमत नाही.

मामा : पुढे?

मी : मे २०२० मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी हे प्रकरण पुन्हा तपासायचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी अलिबागच्या न्यायालयाला कळवलं की आम्ही पुढचा तपास करतो आहोत. अहवाल गेल्यानंतरही नवा पुरावा मिळाला तर पुढचा तपास करायची मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) मध्ये होती. ४ नोव्हेंबर २०२० ला तिघांना अटक झाली. अलिबागच्या न्यायालयाने पोलीस कोठडी नाकारून १८ नोव्हेंबरपर्यंत न्यायालयीन कोठडी दिली. गोस्वामी मुंबई उच्च न्यायालयात गेले. ९ नोव्हेंबरला तिथे अंतरिम जामीन नाकारला गेला. ११ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो दिला आणि २७ नोव्हेंबरला कारणांसह निकालपत्र आलं, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती इंदिरा बॅनर्जी यांचं. त्यात त्यांनी आपण आत्ता जे केलं तेच केलं आहे. फिर्यादीतली विधानं एका बाजूला, ३०६ आणि १०७ चे शब्द दुसऱ्या बाजूला. प्रथमदर्शनी पाहता आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं या फिर्यादीतून दिसत नाही, असं म्हटलं आणि उच्च न्यायालयाने ही जुळणी करायला हवी होती, ती केली नाही, असंही म्हटलं.

मामा : म्हणजे सुटले.

मी : नाही. 'प्रथमदर्शनी' हा शब्द सोडू नका. तो निकाल अंतरिम जामिनापुरता होता, निर्दोष सुटकेचा नव्हता. गुन्हा रद्द करायचा की नाही हे उच्च न्यायालयाने ठरवावं आणि त्याच्या निर्णयानंतर चार आठवड्यांपर्यंत जामीन कायम राहावा, असं ठेवलं होतं. इकडे तपास थांबला नाही. ४ डिसेंबर २०२० ला अलिबागच्या न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झालं. लोकांनी मात्र दोन्ही वेळा टोकाचं मानलं. अटक झाली तेव्हा गुन्हा सिद्ध झाला म्हणाले, जामीन झाला तेव्हा प्रकरण खोटं म्हणाले. एफआयआर, अटक, जामीन, दोषारोपपत्र, यांतल्या कशानेही गुन्हा सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

मामा : हे मी गावात सांगेन. पण एक गोष्ट मला टोचते. आठ दिवसांत अलिबाग, मुंबई, दिल्ली. आमच्याकडे येणाऱ्या माणसाचा जामीन अर्ज एका तारखेहून दुसऱ्या तारखेवर जातो. एफआयआर त्या बारकाईने वाचली जावी हे खरं, पण कुणाची?

मी : याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या निकालपत्रातच देशभरच्या उच्च न्यायालयांत ९१ हजारांवर जामीन अर्ज पडून आहेत हे नोंदलं आहे आणि एका दिवसाचं स्वातंत्र्य गेलं तरी ते फार झालं, असंही म्हटलं आहे. ते वाक्य प्रत्येक आरोपीसाठी आहे. नागावच्या माणसासाठीही ते कोर्टापुढे वाचून दाखवता येतं, मी दाखवते. दर वेळी आठ दिवसांत निकाल लागतो, असं मात्र मी म्हणणार नाही.

मामा : आता कायदाच बदलला. हे आकडे कामाचे राहिले का?

मी : १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. त्या तारखेनंतर घडलेल्या घटनेच्या प्रतीवर नवे आकडे दिसतील. ३०६ चं १०८ झालं, ३४ चं ३(५). खबर नोंदवायचं कलम १५४ होतं, ते १७३ झालं. प्रवृत्त करण्याची व्याख्या १०७ ऐवजी ४५ मध्ये आहे, पण तिचे तीन मार्ग तेच आहेत, म्हणून आपण केलेली जुळणी आजही तशीच करायची. गुन्हा २०१८ चा असेल तर त्याला कलमं जुनीच लागतात. एकाच प्रतीवर जुनं आणि नवं पाहून लोक गोंधळतात. घटनेची तारीख बघा, उलगडा होतो.

मामा : नव्या कायद्यात सामान्य माणसाच्या हाती काही आलं?

मी : तीन गोष्टी सांगते. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कोणतंही ठाणं खबर घेऊ शकतं आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवतं. खबर ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, तेव्हाच ती नोंदली जाते. आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक झालं आहे. कावीरच्या घराने जी तक्रार केली, तिचं थोडं तरी उत्तर या शेवटच्या तरतुदीत आहे.

मामा : आणि ठाण्यात घेतलंच नाही तर? तुझ्या पुस्तकात ठाणे अंमलदार सगळं नोंदवतो. प्रत्यक्षात तो म्हणतो, "चौकशी करतो, उद्या या."

मी : दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर ती नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. नव्या संहितेत एक वाट ठेवली आहे : तीन वर्षे किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला ती वाट नाही. नाकारलं तर अर्ज लेखी, पोलीस अधीक्षकांकडे टपालाने. तिथेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. अर्जाची पोच जपून ठेवायची, कारण मॅजिस्ट्रेट आधी तीच मागतो.

मामा : आणि ही प्रत? काही जण म्हणतात पैसे द्यावे लागले.

मी : फिर्यादीला किंवा पीडिताला प्रत फुकट द्यायची असते, ते कायद्यातच आहे. आरोपीलाही ती मागता येते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणं सोडून. संकेतस्थळावर दिसत नाही म्हणजे गुन्हा नोंदलाच नाही, असं समजू नका. ती संवेदनशील म्हणून रोखलेली असू शकते. अशा वेळी आरोपीने ठाण्यात लेखी अर्ज करावा किंवा कोर्टातून नक्कल घ्यावी.

मामा : आता मला एवढं सांग. उद्या कुणी प्रत घेऊन आला तर मी त्याला काय सांगू? मी अजूनही म्हणतो की कावीरच्या प्रकरणात पैसे थकवणाऱ्यांवर कायद्याने काहीतरी ओझं टाकायला हवं. ३०६ नसेल तर दुसरं काही.

मी : ते तुम्ही म्हणत राहा, मीही त्याच्याशी सहमत आहे. फक्त ते ओझं संसदेने कलम करून टाकावं, ठाणे अंमलदाराने रकान्यात आकडा लिहून नाही. तुमच्याकडे येणारा फिर्यादी असेल, तर त्याला सांगा : सही करायच्या आधी हकीकत मोठ्याने वाचून दाखवायला लाव, तो तुझा हक्क आहे. उशीर झाला असेल तर कारण लिहायला लाव. राहिलेलं आठवलं की पुरवणी जबाब दे. नव्वद दिवस झाले की ठाण्यात लेखी विचार. आरोपीच्या घरचा असेल, तर त्याला सांगा : कलमाचा आकडा बघून रडू नको, कलमाचे शब्द वाच आणि तुझ्या माणसाने केलं म्हणून जे लिहिलंय त्यापुढे ते ठेव. मग वकिलाकडे जा, फिर्यादीच्या दारात जाऊ नको. तिथे बोललेला एक शब्द साक्षीदाराला धमकावल्याच्या आरोपात बदलतो आणि जामीन अवघड होतो.

मामा : आणि समरीची नोटीस आली तर?

मी : तर ती देवघरात ठेवू नका. तिच्यावर तारीख असते. त्या तारखेला अलिबागच्या कोर्टात स्वतः हजर राहून हरकत लेखी द्या. त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, तर मॅजिस्ट्रेटपुढे फक्त पोलिसांचा अहवाल असतो.